बोली : शब्द, रक्कम आणि वसुली

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिंद्रुड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दान मागण्याचे अनेक प्रकार आपल्या समाजात आहेत. कोणी पावतीपुस्तक घेऊन घरोघर जातो, कोणी दानपेटी ठेवतो, तर कोणी फलकावर नाव लिहिण्याचे आश्वासन देतो. बोली हा या सर्वांहून वेगळा प्रकार आहे, कारण त्यात देणारा आपल्या दानाचा आकडा चारचौघांत, उच्च स्वरात आणि दुसऱ्याच्या आकड्याला उत्तर म्हणून सांगतो. म्हणूनच बोली बोलविणाऱ्या निवेदकाची जबाबदारी मोठी असते. त्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने सभागृह उदार होते आणि दुसऱ्या वाक्याने एखादा सज्जन कायमचा दुखावतो. निवेदकाने काय बोलावे, कोणत्या क्रमाने बोलावे आणि कोठे थांबावे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बोलीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक संघांत पर्युषणात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्ने उतरविली जातात आणि प्रत्येक स्वप्नाला माळ घालण्याचा मान बोलीने दिला जातो. दिगंबर समाजात पंचकल्याणक महोत्सवातील सौधर्म इंद्र, कुबेर इत्यादी पात्रांचा मान बोलीनेच ठरतो. अनेक संघांत बोली रुपयांत न होता तुपाच्या मणांत होते. एक मण म्हणजे किती रुपये, हे त्या त्या संघाने ठरविलेले असते. समजा, मणाचा दर ५ रुपये आहे आणि कोणी ५०१ मण बोलला, तर त्याला २,५०५ रुपये भरावे लागतात. तुपाचा थेंबही कोणाच्या दृष्टीस पडत नाही, परंतु बोली मात्र मणांनी वाढते. परगावच्या पाहुण्याला हा हिशेब ठाऊक नसतो. म्हणून निवेदकाने पहिले स्वप्न उतरण्यापूर्वीच मणाचा दर जाहीर करावा. अन्यथा एखादा नवखा मनुष्य आकडा ऐकून घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न समजता बोलून बसतो.

याच परंपरेत मांडवगडचे मंत्री पेथडशाह यांची एक कथा सांगितली जाते. गिरनार तीर्थावर माळेसाठी चढाओढीची बोली झाली आणि ती पेथडशाहांनी ५६ धडी सोन्याला घेतली. सोने दूर मांडवगडाला होते. ते येऊन तीर्थाच्या भांडारात जमा होईपर्यंत त्यांनी अन्न-पाणी घेतले नाही, असे कथा सांगते. ही कथा ऐकताना श्रोत्यांचे लक्ष सोन्याच्या आकड्याकडे जाते. बोली बोलविणाऱ्याने मात्र त्या उपवासाकडे लक्ष द्यावे. बोललेली रक्कम चुकती होईपर्यंत ते ऋण आहे, हा त्यातील अर्थ आहे. आजच्या सभेत सर्वाधिक अडचण येते ती नेमकी येथेच. आकडा बोलला जातो, टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि रक्कम पुढच्या पर्युषणापर्यंत येत नाही.

आता वस्तूंच्या लिलावाकडे वळू. आपल्या मराठवाड्यात त्याला पूर्वापार हर्रास म्हणतात. धर्मकार्यातील मानाची बोली आणि धर्मादाय कार्यासाठी वस्तूंची हर्रास यांत एक मोठा फरक आहे. मानाच्या बोलीत घेणाऱ्याच्या हाती काही वस्तू येत नाही, हर्रासीत येते. त्यामुळे वस्तूचे वर्णन खरे असणे आवश्यक ठरते. दान आहे म्हणून मालाची खोट झाकण्याची मुभा कोणास मिळत नाही.

वस्तूची किंमत तिच्या मालावर नव्हे, तर तिच्यामागच्या भावनेवर चढते, याचे ठळक उदाहरण हैदराबादजवळच्या बाळापूर येथील गणेशोत्सवाचे आहे. तेथील गणपतीच्या हातातील लाडवाचा लिलाव १९९४ साली ४५० रुपयांना झाला. २०२४ साली त्याच लाडवाला ३० लाख १ हजार रुपये आले. बेसन, साखर आणि तूप यांचे भाव तीस वर्षांत एवढे वाढलेले नाहीत, हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल. त्या लाडवाची गोष्ट वाढली, आणि ती गोष्ट सांगणारा दरवर्षी कोणीतरी होता. निवेदकाचे काम वस्तूची गोष्ट सांगण्याचे आहे. मात्र ती गोष्ट खरी असली पाहिजे.

यापुढे एक नमुन्याची हर्रास मांडली आहे. ती दिंद्रुडसारख्या गावात, दिवाळीनंतर एखाद्या संध्याकाळी, गोशाळेच्या उन्हाळी चाऱ्यासाठी घ्यावयाची आहे असे समजावे. त्यातील आकडे आणि बोली समजण्यापुरत्या कल्पिलेल्या आहेत. उद्देश मात्र काल्पनिक नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या बीड जिल्ह्यात जागोजाग चारा छावण्या उभारल्या गेल्या होत्या आणि माणसे जनावरांसह तेथे मुक्कामाला होती, हे या सभागृहातील अनेकांनी पाहिले आहे. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ ते १८ किलो हिरवा चारा लागतो. नमुन्यात ६० जनावरांची गोशाळा घेतली आहे. एका जनावरामागे दिवसाला १०० रुपये धरले, तर एका दिवसाला ६,००० रुपये होतात. हा एकच आकडा निवेदकाने पाठ करावा, कारण सभेतील प्रत्येक बोली त्याला याच आकड्यात उलगडून सांगावयाची असते.

हर्रासीपूर्वी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, वस्तूंचा क्रम. सर्वांत मौल्यवान वस्तू प्रथम काढू नये, कारण तेव्हा लोक अजून जागा शोधत असतात. ती शेवटीही काढू नये, कारण तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात. प्रारंभी सर्वांच्या आवाक्यातील वस्तू, मध्ये मोठी वस्तू आणि शेवटी सर्वांनी मिळून देण्याचे आवाहन, हा क्रम योग्य होय. दुसरी, प्रारंभीची बोली. ती बाजारभावाच्या निम्म्याच्या जवळपास ठेवावी. फार वरून सुरू केली तर पहिला हातच वर येत नाही, आणि एकदा शांतता पसरली की ती मोडणे कठीण असते. तिसरी, वाढीचा टप्पा. २,००० रुपयांपर्यंत १००, १०,००० पर्यंत ५०० आणि त्यापुढे १,००० रुपये, असा टप्पा आधीच सांगितला म्हणजे कोणी दहा-दहा रुपयांनी बोली ताणत बसत नाही.

आणखी एक पथ्य. जैन संस्थेच्या हर्रासीत पैठणी किंवा अन्य रेशमी वस्त्र ठेवण्याचा मोह टाळावा. रेशमासाठी कोषातील जीव मारला जातो, आणि जीवदयेच्या खात्यासाठी तेच वस्त्र विकणे हे विसंगत दिसते. सुती किंवा लोकरी वस्तू ठेवावी.

आता निवेदक उभा राहतो. पहिली दोन मिनिटे नियमांची आहेत, आणि तीच बहुधा गाळली जातात. त्याने असे म्हणावे :

“बंधु-भगिनींनो, आज येणारी प्रत्येक रक्कम जीवदया खात्यात जमा होईल आणि गोशाळेच्या चाऱ्यावरच खर्च होईल. ती मंदिराच्या बांधकामाला किंवा आजच्या चहाला वापरली जाणार नाही. चहाचा खर्च वेगळ्या दात्यांनी केला आहे, म्हणून तो निश्चिंतपणे घ्यावा. बोली हात वर करून बोलावी. डोके खाजविण्यासाठी हात वर केल्यास ती बोली धरली जाणार नाही, परंतु दुसऱ्यांदा खाजविल्यास विचारणा होईल. तीन वार म्हणून आदेश दिल्यानंतर बोली पुन्हा उघडणार नाही. रक्कम आज, किंवा कापूस विकल्यानंतर, परंतु अक्षय तृतीयेपूर्वी भरावयाची आहे. नाव नोंदविताना आपण तारीख सांगावी आणि वहीत सही करावी.”

या निवेदनातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. खाते आधी सांगितले, कारण आपल्या परंपरेत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण ही खाती वेगळी मानली जातात आणि एका खात्याचे द्रव्य मनास येईल तसे दुसऱ्यात नेता येत नाही. बोली झाल्यावर खाते सांगणे म्हणजे माल दिल्यावर भाव सांगणे होय. मुदत कापसाशी जोडली, कारण या भागातील घरात रोकड येते ती कापूस आणि उसाच्या हंगामाने, पगाराच्या तारखेने नव्हे. आणि अक्षय तृतीया ही शेवटची तारीख ठेवली, कारण त्यानंतर चारा महाग होतो. उशिरा आलेल्या रकमेत पेंढ्या कमी येतात.

पहिली वस्तू.

“ही काळी घोंगडी. मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली. लांबी नऊ फूट, रुंदी चार फूट. हिला चिंचोक्याची खळ दिलेली आहे, म्हणून नवी असताना ताठ वाटते. अंगाला थोडी टोचते, हे आधीच सांगतो. दोन-तीन पावसाळे वापरल्यावर ती मऊ होते. घोंगडी टोचली तरी चालेल, बोली कोणाला टोचू नये. प्रारंभ ८०० रुपयांपासून. ८०० कोण म्हणतात?”

येथे निवेदकाने थांबावे. बहुतेक नवे निवेदक शांततेला घाबरून लगेच बोलू लागतात आणि हात वर करणाऱ्याचा धीर जातो. मनात पाच अंक मोजावेत. हात आला की आकडा पुन्हा उच्चारावा आणि पुढचा मागावा :

“८०० आले, आभारी आहे. ९००? उजवीकडून ९००. एक हजार? मागच्या रांगेतून एक हजार. कापडाच्या दुकानात आपण भाव उतरविण्यासाठी तासभर बसता, आज भाव चढविण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत. अकराशे?”

हा विनोद चालतो, कारण तो सर्वांवर सारखा लागू होतो आणि कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. नमुन्यात ही घोंगडी १,९०० रुपयांना गेली असे समजू. शेवट असा करावा : “एकोणीसशे, एक वार. एकोणीसशे, दोन वार. दोन हजारांचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो ओठांवर यावा. एकोणीसशे, तीन वार. आदेश दिला.” प्रत्येक वाराच्या मध्ये तीन श्वास जाऊ द्यावेत. घाईने तीन वार म्हटले की मागच्या रांगेतील मनुष्य म्हणतो, “आमची बोली राहिली,” आणि तेथून वाद सुरू होतो.

दुसरी, मोठी वस्तू.

“ही बिदरी फुलदाणी. जस्त आणि तांबे यांच्या मिश्र धातूची, त्यावर चांदीची तार ठोकून बसविलेली नक्षी. बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा पडतो आणि चांदी पांढरीच राहते, ही या कारागिरीची खूण आहे. वस्तू जुनी आहे. खालच्या बाजूला एका पानाची चांदीची तार निघालेली आहे, कृपया पुढे येऊन पाहावी. घरी नेल्यावर चिंचेने घासू नये, काळा रंग जाईल. तेलाचा हात फिरविला तरी पुरे. फुले ठेवावीत की न ठेवावीत हे आपल्या सौभाग्यवतींना विचारावे, संस्था त्या निर्णयात पडणार नाही. प्रारंभ ३,००० रुपये.”

दोष सांगितल्याने बोली पडते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. निघालेली तार निवेदकाने स्वतः दाखविली की उरलेल्या वर्णनावर विश्वास बसतो. आणि जर ती घेणाऱ्याला घरी गेल्यावर दिसली, तर तो मनुष्य पुढच्या वर्षी घोंगडीलाही हात वर करीत नाही.

बोली ५,००० वर अडकली असे समजू. येथे निवेदकाने उद्देशाकडे वळावे : “पाच हजार. एका दिवसाच्या चाऱ्याला सहा हजार लागतात. म्हणजे संध्याकाळची वैरण अजून बाकी आहे. साडेपाच?” ही ओळ सभागृहाला हलवते, कारण तिच्यात हिशेब आहे, उपदेश नाही. पुढे दोन इसमांत चढाओढ लागते आणि बोली ७,००० पर्यंत जाते. तेवढ्यात लक्षात येते की पहिल्या रांगेतून बोलणारे गृहस्थ आणि स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्या काकू एकाच घरच्या आहेत. हा प्रसंग वाटतो त्यापेक्षा वारंवार घडतो. निवेदकाने तत्काळ थांबवावे : “क्षमा असावी, या दोन्ही बोली एकाच तिजोरीतून येत आहेत असे दिसते. घरची बोली घरी व्हावी. मागची बोली साडेसहाची, आणि ती काकूंच्या नावावर राहील. सात हजार दुसरे कोणी म्हणतात काय?” सभा हसते, गृहस्थही हसतात, आणि कोणाचे पैसे अज्ञानाने वाढत नाहीत. नमुन्यात नंतर दुसऱ्या एका दात्याने ती ७,५०० रुपयांना घेतली.

येथे विनोदाची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. वस्तूवर विनोद करावा, संस्थेवर करावा, स्वतःवर करावा. बोलणाऱ्याच्या ऐपतीवर, कंजूषपणावर, धंद्यावर किंवा न बोलणाऱ्यावर कधीही करू नये. “शेठजी, आपल्याला काय कमी आहे?” हे वाक्य अनेक सभांत ऐकू येते. त्या शेठजींचे त्या वर्षी काय बुडाले आहे, हे निवेदकाला ठाऊक नसते. नाव घेऊन मागितलेली बोली ही भिडेने दिलेली बोली असते, आणि भिडेने दिलेली बोली वसूल होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांनी वर्ध्याहून हरिजन निधीसाठी देशव्यापी दौरा सुरू केला. नऊ महिन्यांत सुमारे साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि सुमारे आठ लाख रुपये जमले. या दौऱ्यात त्यांना ठिकठिकाणी मानपत्रे आणि ती ठेवण्यासाठी करंडक अर्पण केले जात. गांधीजी तीच मानपत्रे आणि तेच करंडक त्याच सभेत लिलावात काढीत. आपल्या स्वाक्षरीचीही ते पाच रुपये किंमत घेत. येथे विकली जाणारी वस्तू म्हणजे त्यांचा स्वतःचाच गौरव होता. त्यामुळे हसू आले तरी ते त्यांच्यावर येई, देणाऱ्यावर नव्हे. आणि देणाऱ्याला कळे की या मनुष्याला स्वतःसाठी काही ठेवावयाचे नाही. निवेदकाने यातून एवढे घ्यावे की, मंचावर त्याला मिळालेली शाल आणि श्रीफळ ही उत्तम पहिली वस्तू ठरू शकते.

आता हर्रासीचा शेवटचा आणि खरा भाग. घोंगडी आणि फुलदाणी मिळून ९,४०० रुपये आले. म्हणजे दीड दिवसाचा चारा. सभागृहात दीडशे माणसे आहेत, पण वस्तू मिळाली फक्त दोघांना. उरलेले एकशे अठ्ठेचाळीस देण्याच्या तयारीने आले होते आणि ते तसेच घरी निघाले आहेत. बोलीची हीच मोठी उणीव आहे. ती एकाच देणाऱ्याला जिंकविते आणि बाकीच्यांना प्रेक्षक करते. म्हणून शेवटी चढती बोली बंद करून ठरलेल्या रकमांचे आवाहन करावे, आणि ते मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे न्यावे :

“आता कोणाशी स्पर्धा नाही. गोशाळेचा एक पूर्ण दिवस, ६,००० रुपये. आपल्या घरातील एखाद्या तिथीला हा दिवस आपल्या नावाने राहील. ज्यांना हा दिवस घ्यावयाचा आहे त्यांनी हात वर करावा आणि नाव लिहिले जाईपर्यंत खाली आणू नये.”

स्वयंसेवक नावे लिहितात. मग : “पाव दिवस, १,५०० रुपये.” आणि शेवटी : “एका गाईचा एक दिवस, १०० रुपये. येथे विद्यार्थ्यांनीही हात वर करावा. ही रक्कम आपल्या खाऊच्या पैशांतून यावी, वडिलांच्या खिशातून नव्हे. वडिलांचा खिसा मघाशीच हलका झालेला आहे.”

नमुन्यात ८ पूर्ण दिवस, १४ पाव दिवस आणि ९५ एकेक गाई असे हात आले. म्हणजे ४८,०००, २१,००० आणि ९,५००. एकूण ७८,५०० रुपये. त्यात हर्रासीचे ९,४०० मिळविले म्हणजे ८७,९०० होतात. एका दिवसाला ६,००० या हिशेबाने १४ दिवसांचा चारा पूर्ण झाला आणि ३,९०० रुपये शिल्लक राहिले. ज्या दोन वस्तूंवर पाऊण तास गेला त्यांनी दीड दिवस दिला, आणि ज्या आवाहनाला पंधरा मिनिटे लागली त्याने तेरा दिवस दिले. तरीही वस्तूंची हर्रास व्यर्थ नव्हती. तिच्यामुळेच सभा जागी झाली आणि एका दिवसाचा आकडा प्रत्येकाच्या कानी पडला. मोठ्याकडून लहानाकडे येण्याचे कारणही येथे कळते. आधी शंभर रुपये मागितले असते, तर सहा हजार देऊ शकणाराही शंभर देऊन मोकळा झाला असता. आणि शेवट लहान रकमेवर झाल्याने सभेतील सर्वांत गरीब मनुष्य शेवटच्या टाळ्यांचा मानकरी होतो.

सभा संपल्यावर वही उघडावी. तिच्यात अनुक्रमांक, वस्तू किंवा दिवस, नाव, रक्कम, खाते, भरण्याची तारीख, सही आणि पावती क्रमांक, एवढे रकाने पुरेत. प्रत्येक वस्तूसमोर दुसऱ्या क्रमांकाची बोली कोणाची होती, तेही लिहावे. पहिल्याची अडचण झाली तर गाजावाजा न करता दुसऱ्याला विचारता येते. पूर्ण दिवस घेणाऱ्याने धनादेशाने किंवा बँकेतून भरावे, अशी विनंती त्याच वेळी करावी, कारण आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. घोंगडी आणि फुलदाणी घेणाऱ्यांना मात्र सवलतीचे आश्वासन मंचावरून देऊ नये. त्यांच्या हाती वस्तू आली आहे, म्हणून त्यांची पावती कशी करावयाची हे लेखापरीक्षकाला विचारूनच ठरवावे.

एका दोषाविषयी शेवटी बोलणे प्राप्त आहे. काही ठिकाणी बोली चढविण्यासाठी आपल्यातीलच एखाद्याला सभेत बसविले जाते. तो प्रत्येक वस्तूला बोलतो आणि नेमका शेवटच्या क्षणी मागे सरतो. “चांगल्या कामासाठीच तर आहे,” असे त्याचे समर्थन केले जाते. हे ओळखणे कठीण नाही. तीन वर्षांच्या वह्या समोर ठेवाव्यात. जे नाव बोली बोलताना प्रत्येक वेळी ऐकू येते आणि पावतीवर एकदाही दिसत नाही, ते नाव कोणते, हे पाहावे. कापूस आणि धान्याच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे, आणि माल आणणाऱ्या शेतकऱ्याला आपला भाव कसा ठरला ते कळत नसे. त्या हत्ता पद्धतीऐवजी खुला लिलाव आला, तो याचसाठी की प्रत्येक आकडा सर्वांनी ऐकावा आणि त्यामागे खरा घेणारा असावा. बसविलेला बोलणारा म्हणजे तोच रुमाल पुन्हा सभेत आणणे होय. ज्या बाजाराने हा रुमाल सोडला, त्याच्यापेक्षा धर्मादाय संस्थेची सभा अधिक स्वच्छ असावयास हवी.

बोलीची खरी मोजणी टाळ्यांच्या वेळी होत नाही. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी वहीतील किती नावांपुढे पावती क्रमांक पडला आहे, ते मोजावे. नमुन्यातील ८७,९०० पैकी ८५,००० जमा झाले असतील तर निवेदक उत्तम होता. ५०,००० झाले असतील, तर त्याने सभेकडून सुमारे सहा दिवस अधिक मागून घेतले आणि गोशाळेला ते मिळालेच नाहीत, असे समजावे. अशा वेळी पुढच्या वर्षी अधिक बोलका निवेदक शोधू नये. नियमांची पहिली दोन मिनिटे सावकाश बोलणारा निवेदक निवडावा.

जय जिनेंद्र!